बाणाच्या कळीने उत्तर बदलते, एंटरने अर्ज भलतीकडे जातो: कीबोर्डवरून फॉर्म भरताना वारंवार येणाऱ्या अडचणींचे निवारण

ऑनलाइन अर्ज किंवा घरबसल्या द्यायची परीक्षा माउसशिवाय, केवळ कीबोर्डवरून पूर्ण करणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते: ‘मी क पर्याय निवडला होता, पण जमा झालेल्या उत्तरात ड दिसतो.’ अर्जाच्या बाबतीत हीच तक्रार वेगळ्या रूपात येते. ‘दिव्यांग आहात का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर दिलेले असताना छापील प्रतीवर ‘होय’ उमटते, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष 2022 ऐवजी 2021 होते, किंवा सगळे भरून झाल्यावर ‘लिंग हे क्षेत्र अनिवार्य आहे’ असा लाल संदेश येतो, वास्तविक त्या ओळीवर आपण थांबलो होतो हे अर्जदाराला पक्के आठवत असते. बहुतेक जण अशा वेळी संकेतस्थळाला दोष देतात आणि काही वेळा तो दोष खराही असतो. परंतु यांपैकी बऱ्याच घटनांच्या मुळाशी ब्राउझरचा ठरलेला नियम असतो आणि तो नियम लक्षात आला की चूक टाळताही येते व झालेली चूक शोधताही येते.

नियम असा आहे. फॉर्मवर दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. एक म्हणजे फोकस, अर्थात कीबोर्डची पुढची कळ कोणत्या घटकाला लागू होणार हे दाखवणारी स्थिती. ती सहसा घटकाभोवती निळ्या किंवा काळ्या चौकटीने दिसते. दुसरी म्हणजे निवड, जी गोल रेडिओ बटणात ठिपक्याने आणि चौकोनी चेकबॉक्समध्ये बरोबरच्या खुणेने दिसते. टॅबची कळ फोकस हलवते, निवड करत नाही. स्पेसबार निवड करतो, फोकस हलवत नाही. बाणांच्या कळा मात्र रेडिओ बटणांच्या गटात दोन्ही कामे एकदम करतात, आणि घोटाळ्याची सुरुवात नेमकी येथे होते.

समजा, महाविद्यालयाच्या चाचणीत अ, ब, क, ड असे चार पर्याय असलेला प्रश्न समोर आहे आणि अद्याप काहीही निवडलेले नाही. टॅब दाबत त्या प्रश्नापर्यंत आलात की चौकट ‘अ’भोवती येते, पण गोल रिकामाच राहतो. चौकट पाहून ‘अ निवडला गेला’ असे समजून पुढे टॅब दाबणाऱ्याचे उत्तर कोरे राहते. वर सांगितलेल्या ‘अनिवार्य आहे’ या संदेशाचे कारणही हेच. ‘अ’ हवा असेल तर तेथे स्पेसबार दाबलाच पाहिजे. ‘क’ हवा असेल तर खालच्या बाणाची कळ दोनदा दाबावी. पहिल्या दाबाने ठिपका ‘ब’वर पडेल, दुसऱ्याने ‘क’वर. वेगळा स्पेसबार दाबण्याची गरज नाही, कारण बाणाने फोकस जेथे नेला तेथेच निवडही झालेली असते. आता टॅब दाबला की उरलेला ‘ड’ ओलांडून फोकस थेट पुढच्या घटकावर जातो, कारण ब्राउझरच्या लेखी एका प्रश्नाचे सर्व पर्याय मिळून टॅबचा एकच थांबा असतो. शिफ्ट व टॅब एकत्र दाबून मागे आलात तर फोकस निवडलेल्या ‘क’वरच उतरतो.

उत्तर बदलते ते यानंतर. ‘क’ निवडून झाल्यावर पुढचा प्रश्न पाहण्यासाठी पान खाली सरकवायचे असते आणि हात सवयीने खालच्या बाणाकडे जातो. फोकस अजून गटातच असल्यामुळे पान सरकत नाही, ठिपका मात्र ‘ड’वर जातो. पान सरकले नाही म्हणून विद्यार्थी पुन्हा बाण दाबतो आणि ठिपका फिरून ‘अ’वर येतो, कारण शेवटच्या पर्यायानंतर गट पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. डावा व उजवा बाणही गटात असेच वागतात. डोळे पुढच्या प्रश्नावर लागलेले असल्याने हा बदल सहसा लक्षात येत नाही.

उपाय सोपा आहे, मात्र तो सवयीत उतरवावा लागतो. पर्याय निवडल्यावर पान सरकवायचे असेल तर बाणाऐवजी पेज डाउनची कळ वापरावी. तिने निवड बदलत नाही. दुसरा मार्ग म्हणजे आधी टॅब दाबून गटाबाहेर पडावे आणि मगच बाण वापरावेत. मी विद्यार्थ्यांना दुसरा मार्ग सुचवतो, कारण अनेक लॅपटॉपवर पेज डाउन ही कळ एफएन कळीसोबत बाणावरच बसवलेली असते आणि घाईत एफएन सुटली की उरतो तो नुसता बाण. टॅबने बाहेर पडल्यावर फोकस आणखी एखाद्या प्रश्नाच्या गटात तर शिरला नाही ना, एवढे पाहून घ्यावे. एकाच पानावर अनेक प्रश्न असलेल्या चाचणीत तसे हमखास होते आणि मग बाणाने पुढच्याच प्रश्नात आपोआप एक उत्तर भरले जाते. असे नकळत भरलेले उत्तर स्पेसबार पुन्हा दाबून पुसता येत नाही. चेकबॉक्सची खूण दुसऱ्या स्पेसने निघते, रेडिओचा ठिपका निघत नाही. त्यासाठी Clear Response किंवा Clear my choice अशा नावाचे बटण दिलेले असते. टॅबने तेथे जाऊन एंटर किंवा स्पेस दाबावा. ऋण गुणपद्धतीच्या परीक्षेत हे बटण कोठे आहे, हे पहिल्याच प्रश्नाला पाहून ठेवावे.

अर्जातील ‘होय’ व ‘नाही’ हे दोनच पर्यायांचे गट याहून अधिक फसवे असतात, कारण तेथे कोणताही बाण दाबला तरी उत्तर उलटते. ‘दिव्यांग आहात का?’ येथे ‘नाही’वर ठिपका असताना एकदा बाण लागला की ‘होय’ होते, पाठोपाठ प्रमाणपत्राचा क्रमांक व टक्केवारी विचारणारे नवे रकाने उघडतात आणि काही अर्जांत शुल्काची रक्कमही बदलते. त्यामुळे कीबोर्डवरून अर्ज भरताना मध्येच नवे रकाने उगवले किंवा आधीचे नाहीसे झाले, तर पुढे न जाता लगतच्या ‘होय-नाही’ गटाकडे परत यावे. अंकांच्या रकान्याचेही तसेच आहे. काही अर्जांत वर्ष किंवा गुण यांसाठी असा रकाना वापरलेला असतो की ज्याच्या उजव्या कडेला वर-खाली जाणारे छोटे बाण दिसतात. तेथे कीबोर्डवरील खालच्या बाणाने 2022 चे 2021 होते. अशा रकान्यात आकडे टाइप करावेत आणि लगेच टॅब दाबून बाहेर पडावे.

टॅब प्रत्येक पर्यायावर वेगवेगळा थांबत असेल, तर तो गट ब्राउझरच्या ठरलेल्या पद्धतीने बांधलेला नाही असे समजावे. तेथे बाण चालत नाहीत आणि प्रत्येक पर्यायावर जाऊन स्पेसबार दाबावा लागतो. क्वचित असेही दिसते की ‘होय’ आणि ‘नाही’ दोन्हींवर एकदम ठिपका राहतो. हा संकेतस्थळाचा दोष आहे, अर्जदाराचा नाही; पान नव्याने उघडून एकदाच आणि एकच पर्याय निवडणे एवढेच आपल्या हाती असते.

आता जिल्हा आणि तालुका. ड्रॉपडाउनमधून जिल्हा निवडला की त्याचे तालुके खालच्या यादीत भरले जावेत, अशी रचना महाराष्ट्रातील बहुतेक शासकीय अर्जांत असते. विंडोजवर ड्रॉपडाउन मिटलेला असतानाही बाण दाबला की त्यातील मूल्य लगेच बदलते आणि बदल झाल्याबरोबर संकेतस्थळ तालुके आणायला धावते. साताऱ्याचा अर्जदार यादीवर येऊन खालचा बाण दाबतो, पहिलाच जिल्हा निवडला जातो, पान ताजे होते, फोकस हरवतो आणि त्याला पुन्हा वरपासून टॅब दाबत यावे लागते. टाइप करणाऱ्याचीही सुटका नाही, कारण मिटलेल्या यादीवर S दाबताच Sangli निवडले जाते आणि उरलेली अक्षरे टाइप होण्याआधीच पान हलू शकते.

येथे ड्रॉपडाउन आधी उघडावा. ऑल्ट आणि खालचा बाण एकत्र दाबले की यादी उघडी राहते. मग s, a, t ही अक्षरे न थांबता टाइप करावीत. अक्षरांमध्ये फार वेळ गेला तर ब्राउझर पुढचे अक्षर नवा शब्द समजतो आणि t ने सुरू होणाऱ्या Thane वर जातो. Satara ठळक झाले की एंटर दाबावा. त्या एंटरने केवळ यादी मिटते आणि निवड पक्की होते, अर्ज जमा होत नाही. तालुक्यांची यादी भरण्यासाठी क्षणभर थांबावे, अन्यथा टॅब रिकाम्या यादीवर पोहोचतो आणि अर्जदाराला वाटते की आपल्या जिल्ह्याचे तालुकेच दिलेले नाहीत. यादी मराठीत असेल तर इंग्रजी कीबोर्डवरून s दाबून काहीच होणार नाही. विंडोज कळ व स्पेसबार यांनी मराठी कीबोर्ड घेऊन ‘स’ दाबावा, किंवा उघड्या यादीत बाणांनीच खाली जावे. यादी उघडल्यावर वरच्या बाजूला शोधण्याचा छोटा रकाना दिसत असेल तर ती साधी यादी नसून वेगळ्या पद्धतीने बनवलेली असते. तिच्यात शोधशब्द टाइप करून खालच्या बाणाने नावावर यावे आणि एंटर दाबावा.

पान ताजे झाल्यावर हरवलेला फोकस परत मिळवण्याची एक युक्ती फार थोड्यांना ठाऊक असते. कंट्रोल व एफ दाबून शोधपट्टी उघडावी, ज्या रकान्याकडे जायचे त्याचे नाव पानावर जसे छापले आहे तसे टाइप करावे, उदाहरणार्थ Taluka, मग एंटर आणि त्यानंतर एस्केप दाबावा. आता टॅब दाबला की फोकस पानाच्या सुरुवातीपासून न निघता सापडलेल्या शब्दाच्या पुढून निघतो. लांबलचक अर्जात यामुळे टॅबचे कितीतरी दाब वाचतात. तोच शब्द वरच्या सूचनांमध्येही असेल तर एस्केप करण्यापूर्वी एंटर पुन्हा दाबून योग्य ठिकाणी यावे.

फोकसची चौकट मुळीच दिसत नसेल तर अडचण वेगळी आहे. काही संकेतस्थळे सौंदर्यदृष्टी म्हणून ती चौकट पुसून टाकतात. हे सौंदर्य कोणाला हवे असते हे मला आजवर समजलेले नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये Accessibility या विभागात Show a quick highlight on the focused object हा पर्याय चालू केल्यास टॅब जेथे थांबेल तेथे क्षणभर ठळक वलय उमटते. तेवढ्याने भागले नाही तर साध्या अर्जाच्या पानावर (परीक्षेच्या पानावर कदापि नाही) एफ12 दाबून Console मध्ये पुढील ओळ टाइप करून एंटर दाबावा.

```
document.activeElement
```

उत्तरात input, select किंवा button असे काही आले तर फोकस त्या घटकावर आहे. body आले तर फोकस कोणत्याही घटकावर नाही आणि वर सांगितलेली शोधपट्टीची युक्ती वापरावी. Console न उघडता करता येणारी चाचणीही आहे: स्पेसबार दाबल्यावर पानच खाली सरकले, तर फोकस बटणावर, चेकबॉक्सवर किंवा रेडिओवर नव्हता हे निश्चित. तो दुव्यावर असू शकतो, कारण दुवा एंटरने उघडतो, स्पेसने नाही.

एंटरविषयी तक्रार अशी असते की नावाच्या रकान्यात एंटर दाबला आणि अर्धवट अर्ज जमा झाला, किंवा त्याहून चमत्कारिक म्हणजे मागचेच पान उघडले. एका ओळीच्या रकान्यात एंटर दाबला की ब्राउझर त्या फॉर्ममधील क्रमाने पहिले असलेले जमा करण्याचे बटण दाबतो. पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसणारे ‘जमा करा’ हेच ते पहिले बटण असेल याची खात्री नसते. फॉर्म लिहिणाऱ्याने ‘मागे’, ‘ओटीपी पुन्हा पाठवा’ किंवा ‘आणखी एक पात्रता जोडा’ हे बटण आधी ठेवले असेल आणि त्याचा प्रकार स्पष्ट सांगितला नसेल, तर ब्राउझर त्यालाच जमा करण्याचे बटण मानतो आणि एंटरने तेच दाबले जाते. महाविद्यालयाचे किंवा संस्थेचे फॉर्म स्वतः बनवणाऱ्यांनी अशा प्रत्येक दुय्यम बटणाला प्रकार द्यावा.

```html
<button type="button">आणखी एक पात्रता जोडा</button>
```

अर्ज भरणाऱ्यासाठी शिस्त एवढीच की रकान्यातून बाहेर पडताना टॅब वापरावा आणि एंटर फक्त तीन ठिकाणी दाबावा: उघड्या यादीतील नाव पक्के करताना, दुव्यावर आणि ज्याचे नाव वाचून झाले आहे अशा बटणावर. प्रतिज्ञापत्राच्या ‘वरील माहिती खरी आहे’ या चेकबॉक्सवर एंटर दाबून खूण होत नाही, तेथे स्पेसबारच लागतो. कित्येकांचा अर्ज अगदी शेवटच्या टप्प्यावर याच चौकोनापाशी अडकतो आणि खूण का होत नाही हे न कळल्यामुळे ते माउस शोधू लागतात.

जन्मतारखेच्या रकान्याबाबत एक सावधगिरी. ब्राउझरचा स्वतःचा तारखेचा रकाना दिवस, महिना व वर्ष असे तीन भाग दाखवतो. आकडे टाइप करत गेले की फोकस आपोआप पुढच्या भागात सरकतो आणि वर-खाली बाणांनी त्या भागातील आकडा बदलतो. भागांचा क्रम मात्र ब्राउझर वा संगणकाच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर ठरतो. अमेरिकन इंग्रजी असेल तर महिना पहिला येतो. 5 जुलै 2004 ही तारीख 05072004 अशी टाइप केली तर तेथे 7 मे 2004 नोंदली जाईल आणि कोणताही लाल संदेश येणार नाही, कारण ती तारीखही वैधच आहे. म्हणून टाइप करण्यापूर्वी रकान्यात dd आधी दिसते की mm, हे पाहावे. दिवस 12 पेक्षा मोठा असेल तर महिन्याच्या भागात तो आकडा बसत नाही आणि रकान्यात वेगळीच तारीख दिसते, त्यामुळे पाहिल्यास चूक लक्षात येते; अधिक धोका पहिल्या 12 तारखांना जन्मलेल्यांना आहे.

पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना बाणाच्या कळीचा घोटाळा निराळ्या तऱ्हेने सोसावा लागतो. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ब्राउझ मोड चालू असताना खालचा बाण पानावरील पुढची ओळ वाचतो आणि ठिपक्याला हात लावत नाही. फोकस मोडमध्ये तोच बाण उत्तर बदलतो. टॅबने रेडिओच्या गटात शिरल्यावर एनव्हीडीए बहुधा स्वतःहून फोकस मोडमध्ये जातो आणि तेव्हा एक छोटा आवाज येतो. प्रश्न व पर्याय नीट वाचून उत्तर द्यायचे असेल तर ब्राउझ मोडमध्येच राहून बाणांनी एकेक पर्याय ऐकावा आणि हव्या त्या पर्यायावर स्पेसबार दाबावा. त्यानंतर तीच ओळ पुन्हा ऐकून ‘checked’ असे ऐकू येते का, हे तपासावे. मोड चुकून बदलला असेल तर एनव्हीडीए कळ आणि स्पेसबार यांनी तो परत आणता येतो. ब्राउझ मोडमध्ये आर या अक्षराने पुढच्या रेडिओ बटणावर, एक्सने चेकबॉक्सवर आणि सीने ड्रॉपडाउनवर उडी मारता येते, त्यामुळे अर्ज जमा करण्यापूर्वीची उजळणी आर दाबत दाबत थोडक्यात होते.

मॅकवरील सफारीत टॅब रकान्यांवर थांबतो, पण बटणे, चेकबॉक्स आणि दुवे ओलांडून जातो, असे वाटल्यास ब्राउझर बिघडलेला नसतो. सफारीच्या सेटिंग्जमध्ये Advanced खाली Press Tab to highlight each item on a webpage हा पर्याय चालू करावा किंवा तात्पुरते ऑप्शन व टॅब एकत्र दाबावेत.

परीक्षेच्या बाबतीत दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. घरून द्यायच्या व देखरेख असलेल्या चाचणीत शिफ्ट-टॅबऐवजी चुकून ऑल्ट-टॅब किंवा कंट्रोल-टॅब दाबले गेले तर परीक्षेची खिडकी सुटते आणि प्रणाली तशी नोंद घेऊ शकते. डाव्या हाताच्या कळांच्या या तिन्ही जोड्या एकमेकींना लागून असल्याने मागे जाताना आधी शिफ्ट पूर्ण दाबून धरावी आणि मग टॅबला स्पर्श करावा. दुसरी मर्यादा केंद्रावरील परीक्षांची. तेथे अनेकदा उत्तरे फक्त माउसने द्यायची असतात, कीबोर्डला हात लावू नये अशी सूचना असते आणि कंट्रोल-एफसारख्या युक्त्या बंद केलेल्या असतात. ज्यांना माउस वापरणे शक्य नाही त्यांनी कीबोर्डची किंवा लेखनिकाची गरज मूळ अर्ज भरतानाच नोंदवावी, कारण प्रवेशपत्र हातात आल्यावर केंद्रावरचा पर्यवेक्षक संगणकाची मांडणी बदलून देऊ शकत नाही. आणि ती गरज नोंदवण्याचा प्रश्नही बहुतेक अर्जांत ‘होय-नाही’च्या रेडिओ गटातच असतो, तेव्हा पूर्वावलोकनाच्या पानावर सर्वांत आधी तोच पाहावा.